वहीच्या फोटोंवरनं हेडिंग-बुलेटवाल्या टाइप केलेल्या नोट्स कशा करायच्या, पहिल्या फोटोपासून शेवटच्या बुलेटपर्यंत

एमपीएससीचा क्लास कोल्हापुरात आणि घर गारगोटीला, अशी माझी एक मावसबहीण आहे. एसटी चुकली की क्लास बुडतो, मग रात्री मैत्रिणीच्या वहीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतात. राजारामपुरीच्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा, निम्म्या पोरांच्या गॅलरीत असलेच शे-दोनशे फोटो असतात आणि परीक्षेच्या आधी त्यातला एक पण सापडत नाही, कारण फोटोत शब्द शोधता येत नाही. म्हणून ते टाइप करायचे. पण नुसतं टाइप करून उपयोग नाही, वर हेडिंग, खाली मुद्दे, मुद्द्याखाली पोटमुद्दे असं बसवलेलं पाहिजे, तरच उजळणीला कामाचं.

तिच्यासाठी मी शाहू महाराजांच्या दोन पानांचं हे काम केलं, तेच उदाहरण घेऊन सगळं सांगतो. विषय मुद्दाम कोल्हापूरचा घेतलाय कारण यातल्या तारखा आपल्याकडच्या पोरांना तोंडपाठ असतात, त्यामुळं वाचताना चूक कुठं घुसते ते लगेच कळेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. हे काम दोन फेऱ्यांत करायचं. पहिल्या फेरीत पानावर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, काही सुधारायचं नाही, काही हलवायचं नाही. दुसऱ्या फेरीत त्याची मांडणी करायची. बहुतेक जण दोन्ही एकदमच करतात, म्हणजे वाचता वाचता डोक्यातच वाक्य सुधारून टाइप करतात, आणि मग एखादी तारीख संशयास्पद वाटली की ती वहीत तशी होती का आपण टाइप करताना केली हे काही केल्या कळत नाही.

फोटो

फोटो दुसऱ्याने काढून पाठवले असतील तर आधी विचारा की परत पाठवतेस का, पण डॉक्युमेंट म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकला की तो दाबून लहान केला जातो, अक्षरांच्या कडा पुसट होतात, आणि बारीक अक्षरातला अनुस्वार आणि कागदावरचा डाग यात फरक राहत नाही. तोच फोटो अटॅचमेंटमधून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल येते. एवढ्या एका गोष्टीनं पुढचं निम्मं डोकं खाणं वाचतं.

स्वतः काढणार असाल तर वही टेबलावर सपाट, मोबाइल बरोबर वरून, पानाच्या चारही कडा चौकटीत दिसतील असा. उजेड खिडकीचा आणि बाजूनं, म्हणजे आपल्याच हाताची सावली पानावर येत नाही. ट्यूबलाइटखाली उभं राहून वाकून काढला की हमखास डोक्याची सावली मधोमध पडते. उघडी वही एकाच फोटोत दोन पानं अशी काढू नका, कारण मधल्या शिवणीजवळच्या ओळी वाकतात आणि सॉफ्टवेअर डाव्या पानाची ओळ उजव्या पानाला जोडून वाचतं. पान पातळ असेल आणि मागची शाई पुढं दिसत असेल तर पानामागं काळा कागद सरकवा, मागचं बरंचसं दिसायचं थांबतं.

गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये स्कॅन करायची सोय आहे, आयफोनवाल्यांना नोट्स अ‍ॅपमध्ये आहे. दोन्हीत पान आपोआप सरळ कापलं जातं, त्यामुळं साध्या कॅमेऱ्यापेक्षा तेच बरं. फक्त काळा-पांढरा फिल्टर लावू नका. दिसायला एकदम झेरॉक्ससारखं स्वच्छ दिसतं म्हणून सगळे लावतात, पण पेन्सिलीनं लिहिलेलं त्यात उडून जातं आणि लाल पेनानं केलेल्या खुणा निळ्या शाईसारख्याच काळ्या होतात. त्या लाल खुणाच तर आपल्याला पुढं हेडिंग कुठलं ते सांगणार आहेत! रंगीतच ठेवा.

मग फोटोंची नावं बदला. `shahu-01.jpg`, `shahu-02.jpg` असं. कंटाळवाणं काम आहे खरं, पण व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेले फोटो नेहमी पानांच्या क्रमानंच येतात असं नाही, आणि तिसऱ्या पानाचा मजकूर दुसऱ्याच्या आधी बसला की सगळा विषयच फिरतो.

मजकूर बाहेर काढायचे दोन रस्ते

पहिला रस्ता ओसीआरचा, म्हणजे फोटोतलं अक्षर मशीननं ओळखायचं. कॉम्प्युटरवर ड्राइव्ह उघडून फोटो अपलोड करा, त्यावर राइट क्लिक, `Open with`, मग `Google Docs`. नवीन डॉक्युमेंट उघडतं, वर फोटो आणि खाली ओळखलेला मजकूर. हे ब्राउझरमध्ये करायचं, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये शोधत बसू नका. फोटो सरळ असला पाहिजे, आडवा झाला असेल तर आधी फिरवून घ्या. मोबाइलवरच करायचं असेल तर गूगल लेन्सनं फोटो उघडून मजकूर सिलेक्ट करून कॉपी करता येतो.

आता खरं सांगायचं तर हे छापील मराठीला झकास चालतं, हाताच्या मराठीला अक्षरावर आहे. सुटं, गोल, शिरोरेघ नीट मारलेलं अक्षर असेल तर बरंच निघतं. पण क्लासमध्ये सर बोलत असताना पळत पळत लिहिलेलं, शिरोरेघ गायब, जोडाक्षरं अर्धी, असं असेल तर जे येतं ते वाचून हसू येतं. शिवाय मशीनला पानाची मांडणी कळत नाही. समासातली टीप कुठंतरी तळाला जाते, बाण गायब होतात, आत सरकवलेल्या ओळी सगळ्या डाव्या कडेला येतात.

दुसरा रस्ता बोलून टाइप करायचा. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, `Tools` मधून `Voice typing`, भाषा मराठी निवडा, फोटो शेजारच्या विंडोत ठेवा आणि ओळ ओळ वाचा. मोबाइलवर जीबोर्डच्या माइकनं पण होतं. विरामचिन्हं आणि नवीन ओळ हातानं द्यायची, आणि अभ्यासिकेत शांतता पाळायची असते त्यामुळं हे घरी किंवा गच्चीवर. याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. वाचताना अक्षर तुम्ही स्वतः ओळखलेलं असतं, त्यामुळं चूक झाली तरी ती ऐकण्यातली असते, म्हणजे भलताच शब्द येतो आणि तो नजरेला लगेच टोचतो. ओसीआरची चूक मात्र बरोबर शब्दासारखीच दिसते.

कुठला रस्ता घ्यायचा हे कसं ठरवायचं? पहिल्या पानाच्या दहा-बारा ओळी ओसीआरनं काढा आणि दुरुस्त करून बघा. दर तिसऱ्या-चौथ्या शब्दाला हात लावायला लागत असेल तर सोडून द्या, बोलून टाइप करणं लवकर होईल. माझ्या बहिणीच्या मैत्रिणीचं अक्षर सुरुवातीला छान आणि तासाच्या शेवटी घसरलेलं, म्हणून पहिलं पान ओसीआरनं आणि दुसरं बोलून केलं. एकच रस्ता शेवटपर्यंत धरायचा असं काही नाही.

पहिली फेरी, जसंच्या तसं

आता या फेरीत काय टाइप करायचं? पानावरचे शब्द तर आहेतच, पण त्याबरोबर पानावरच्या खुणा पण, कारण लिहिणारीनं मांडणी खुणांनीच दाखवलेली असते. दोन रेघा मारलेल्या ओळीला मी दोन्हीकडं `==` लावतो, एक रेघ असेल तर `-`. आत सरकवलेली ओळ दोन स्पेस देऊन आत. समासातलं किंवा बाणानं जोडलेलं चौकोनी कंसात, ते कुठून कुठं गेलंय ते लिहून. आणि जो शब्द किंवा आकडा पक्का वाचता येत नाही त्याच्यापुढं `?` घालून चौकोनी कंस. दोन पानं अशी उतरली:

```
[पान १]
==छ. शाहू महाराज==
जन्म २६ जून १८७४ कागल, घाटगे
दत्तक १७ मार्च १८८४ आनंदीबाई
राज्याभिषेक २ एप्रिल १८९४
वेदोक्त [बाण: पुढे]
-शिक्षण-
  व्हि. म. बोर्डिंग १९०१
  सक्तीचे मोफत प्रा. शि. १९१७
५०% राखीव, हुकूम २६ जुलै १९०२
  [समास, बाणाने वरच्या ओळीला: तेव्हा म. इंग्लंडात]
शाहू मिल १९०[६?]

[पान २]
राधानगरी धरण, भोगावती
माणगाव परिषद २१-२२ मार्च १९२०, डॉ. आंबेडकर [लाल चांदणी]
विधवा पु. कायदा १९१७
-वेदोक्त- [पान १ वरून]
  कार्तिक, पंचगंगा स्नान १८९९
  पुराणोक्त मंत्र
  राजोपाध्ये नकार
  वतन जप्त
मृत्यू ६ मे १९२२ मुंबई
```

बघितलं का, एकही वाक्य पूर्ण केलेलं नाही, "प्रा. शि." ला "प्राथमिक शिक्षण" पण केलं नाही. ते पुढच्या फेरीत. पानाचा नंबर मात्र टाकलाच पाहिजे, पुढं शंका आली की कुठल्या फोटोत बघायचं ते त्यावरनंच कळतं.

आकड्यांवर जरा जास्त वेळ देतो, कारण नोट्समध्ये सगळ्यात महाग चूक इथंच होते. आपण वहीत मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळून लिहितो, कधी कधी एकाच ओळीत. आता मराठी १ आणि इंग्रजी 9 बघा, घाईत लिहिल्यावर एकसारखेच दिसतात. मराठी ४ आणि इंग्रजी 8 यांचं पण तसंच. त्यामुळं मशीननं एखादं साल चुकीचं वाचलं तरी ते साल म्हणून अगदी बरोबरच दिसतं, १८८४ चं १८८८ झालं तर कोण ओळखणार? हातानं लिहिलेल्या मराठीत ६ आणि ९ पण घात करतात, शेपूट कुठं वळलंय ते दिसलं नाही की झालं. शाहू मिलच्या पुढं ते `[६?]` आलं ते असंच, १९०६ का १९०९ कळेना.

अशा वेळी आधी त्याच वहीत दुसरीकडं तोच आकडा शोधायचा. म्हणजे लिहिणारीचा नक्की वाचता येणारा ६ कुठं आहे ते बघायचं. पान एकवर पहिल्याच ओळीत "२६ जून" आहे, त्यातला ६ आणि पान दोनवर "१८९९" मधले दोन ९. झूम करून तिन्ही शेजारी शेजारी ठेवले तर तिचा ९ वरून गोल सुरू होतो आणि ६ खाली वळतो हे दिसलं, म्हणजे मिलचं साल १९०६. मग पुस्तकात बघून पक्कं केलं, १९०६ च आहे. अक्षर जुळवणं आणि पुस्तक बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हं, पहिलीनं वहीत काय लिहिलंय ते कळतं, दुसरीनं ते खरं आहे का ते कळतं. दोन्ही वेगळं निघालं तर वहीतलं चूक आहे असं लिहून ठेवायचं, गुपचूप बदलायचं नाही, कारण तीच वही आणखी चार जणांकडं फिरत असते.

अक्षरांमध्ये घ आणि ध, भ आणि म, य आणि थ ही जोडगोळी नेहमीची. ख चं रव होतं, "राखीव" चं "रारवीव" झालेलं मी ओसीआरमध्ये पाहिलंय. अनुस्वार आणि रफार तर जवळजवळ नेहमीच गळतात. हे शब्द निदान वाचताना खटकतात तरी. खटकत नाहीत ती नावं, "घाटगे" चं "धाटगे" झालं आणि माहिती नसलेल्या माणसाला ते आडनाव वाटून गेलं तर संपलं. म्हणून नावं आणि आकडे एवढे दोनच प्रकार फोटोशी एकेक करून ताडून बघायचे. फोटोवर किंवा प्रत्यक्ष वहीवर पेन्सिलीनं बारीक टिक करत जा. पान एकवर तारखा आणि सालं मिळून सात आहेत, टाइप केलेल्यात पण सात आल्या पाहिजेत. सहा आल्या तर एक ओळ राहिली.

लघुरूपांसाठी वरती एक छोटी यादी करून घ्या. इथं "म." म्हणजे महाराज, पण "व्हि. म. बोर्डिंग" मधला "म." म्हणजे मराठा, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. सगळीकडं एकदम `Ctrl+H` नं "म." च्या जागी "महाराज" घातलं तर बोर्डिंगचं नाव व्हिक्टोरिया महाराज बोर्डिंग होईल. म्हणून बदलताना `Replace all` नको, एकेक बघून.

दुसरी फेरी, मांडणी

आता मूळ उतरवलेली प्रत तशीच ठेवायची आणि तिची कॉपी काढून त्यावर काम करायचं. `File` मधून `Make a copy`.

सगळ्यात आधी बुलेट नाही, हेडिंग ठरवायची. आणि हेडिंग वहीतल्या क्रमानं येत नाहीत हे इथं लक्षात घ्यायचं. वहीत जो क्रम असतो तो सर जसे बोलत गेले तसा. सर शिक्षणावर बोलता बोलता राखीव जागांवर आले, मग मिलवर, धरणावर, माणगाववर, आणि मग कुणीतरी विचारलं असणार म्हणून वेदोक्तावर परत गेले. आपल्याला विषयाप्रमाणं पाहिजे. मी काय करतो, प्रत्येक ओळीपुढं एक शब्द टाइप करत जातो, ही ओळ कशाबद्दल आहे तो. जन्म, दत्तक, राज्याभिषेक, मृत्यू या चार ओळींपुढं "जीवन" आलं. बोर्डिंग आणि सक्तीचं शिक्षण, "शिक्षण". राखीव जागा, माणगाव, विधवा पुनर्विवाह, "समाज". मिल आणि धरण, "उद्योग-पाणी". वेदोक्ताच्या ओळी आपल्या "वेदोक्त". मग सारख्या शब्दाच्या ओळी एकत्र ओढून आणल्या की हेडिंग आपोआप समोर येतात.

यात दोन गोष्टींवर विचार करायला लागला. मृत्यूची ओळ वहीत अगदी शेवटी होती, ती उचलून पान एकवरच्या जन्माच्या गटात गेली, हे सोपं. पण "५०% राखीव" ही ओळ वहीत "शिक्षण" या अधोरेखित शब्दाच्या खाली आहे. ती शिक्षणात घालायची का? नाही, कारण वहीत शिक्षणाच्या दोन ओळी आत सरकवलेल्या आहेत आणि राखीव जागांची ओळ परत कडेला आलेली आहे. म्हणजे लिहिणारीला पण ते वेगळंच वाटलं होतं, फक्त तिला नवीन हेडिंग लिहायला वेळ मिळाला नाही. विषय म्हणून पण ते बरोबरच आहे, १९०२ चा तो हुकूम करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांमधल्या राखीव जागांचा. ही ओळ आत सरकवलेली का कडेला, एवढ्यासाठी मघाशी दोन स्पेसचा खटाटोप केला. पहिल्या फेरीत सगळ्या ओळी कडेला टाइप केल्या असत्या तर हे कळायचा मार्गच नव्हता.

आता बुलेट का नंबर? साधं आहे, क्रम बदलला तर अर्थ बदलतो का ते बघायचं. समाजकार्यातले तीन मुद्दे कसेही लावले तरी चालतात, तिथं बुलेट. वेदोक्त प्रकरणात मात्र आधी पंचगंगेवरचं स्नान, तिथं वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र, मग राजोपाध्यांचा नकार, मग वतन जप्त, अशी एकामागनं एक साखळी आहे, तिथं नंबर. जीवनपट तारखेनं आपोआप लागतो म्हणून तिथं बुलेट पुरे.

समासातली टीप पोटबुलेट होते. "तेव्हा म. इंग्लंडात" हा स्वतंत्र मुद्दा नाही, तो हुकुमाबद्दलचा तपशील आहे, बाण त्याच ओळीला गेलाय, म्हणून त्याच बुलेटच्या आत एक पायरी. ओसीआरनं ही टीप पानाच्या तळाला नेऊन शाहू मिलच्या खाली टाकली होती, म्हणजे फोटो न बघता मांडणी केली असती तर मिल काढली तेव्हा महाराज इंग्लंडात होते असं झालं असतं. लाल चांदणी म्हणजे सरांनी परीक्षेला महत्त्वाचं सांगितलेलं, तिचं हेडिंग करायचं नाही, मुद्द्याच्या आधी ★ ठेवायची, बस्स.

आता प्रत्यक्ष डॉक्समध्ये. मुख्य विषयावर कर्सर ठेवून `Ctrl+Alt+1`, गटाच्या नावावर `Ctrl+Alt+2`. बुलेटसाठी ओळी सिलेक्ट करून `Ctrl+Shift+8`, नंबरसाठी `Ctrl+Shift+7`. पोटबुलेटला ओळीच्या सुरुवातीला कर्सर नेऊन `Tab`, बाहेर आणायला `Shift+Tab`. टाइप करतानाच करायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला `-` आणि स्पेस दिली की बुलेट होते, `1.` आणि स्पेस दिली की नंबर, फक्त तो 1 इंग्रजी आकड्यातला घाला, मराठी १ नं यादी आपोआप सुरू होईल असं धरून चालू नका.

हेडिंग नुसतं बोल्ड करून आणि फॉन्ट मोठा करून केलेलं चालत नाही का? दिसायला चालतं. पण हेडिंग स्टाइल दिली तर डावीकडच्या पट्टीत सगळी हेडिंग दिसतात, क्लिक केलं की तिथं उडी, आणि `Insert` मधून अनुक्रमणिका घातली तर ती आपोआप तयार होते. बोल्ड ओळ अनुक्रमणिकेत येत नाही. दोन पानांना काही फरक पडत नाही, पण अख्ख्या आधुनिक महाराष्ट्राच्या नोट्स झाल्यावर लई पडतो.

आमचं शेवटी असं झालं:

```
# छत्रपती शाहू महाराज
## जीवनपट [पा. १, २]
- जन्म: २६ जून १८७४, कागल, घाटगे घराणे
- दत्तक: १७ मार्च १८८४, आनंदीबाई
- राज्याभिषेक: २ एप्रिल १८९४
- मृत्यू: ६ मे १९२२, मुंबई
## वेदोक्त प्रकरण [पा. २]
1. कार्तिक महिना, पंचगंगेवर स्नान, १८९९
2. वेदोक्त नाही, पुराणोक्त मंत्र म्हटले जातात
3. राजोपाध्यांचा वेदोक्ताला नकार
4. राजोपाध्यांचे वतन जप्त
## शिक्षण [पा. १]
- व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०१
- सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १९१७
## समाजकार्य [पा. १, २]
- ५०% राखीव जागा, हुकूम २६ जुलै १९०२
  - तेव्हा महाराज इंग्लंडमध्ये
- ★ माणगाव परिषद, २१-२२ मार्च १९२०, डॉ. आंबेडकर
- विधवा पुनर्विवाह कायदा, १९१७
## उद्योग आणि पाणी [पा. १, २]
- शाहू मिल, १९०६
- राधानगरी धरण, भोगावती नदी
```

इथं `#` दिसतंय ते फक्त पायरी दाखवायला, डॉक्समध्ये तिथं स्टाइल लागते.

बुलेट किती मोठी ठेवायची यावर लोक भांडतात. माझं मत, एका बुलेटमध्ये एकच गोष्ट आणि मोबाइलच्या पडद्यावर दोन ओळींच्या आत. तिच्यात दोन तारखा आल्या की समजायचं दोन मुद्दे चिकटलेत. आणि वहीत नसलेली माहिती बुलेटमध्ये भरायची असेल तर जरूर भरा, पण वेगळ्या रंगात. राधानगरी धरणापुढं वहीत साल नव्हतं, बहीण म्हणाली, "दादा, घाल की पुस्तकातनं." घाल म्हणालो, पण हिरव्या रंगात, म्हणजे उद्या सरांनी काय सांगितलं आणि आपण काय भरलं हे वेगळं राहील.

तपासायचं कसं

आधी नुसती हेडिंग वाचा, डावीकडच्या पट्टीत. एखाद्या हेडिंगखाली एकच बुलेट असेल तर बहुतेक ते हेडिंग नाही, कुठल्यातरी दुसऱ्या गटाचा मुद्दा आहे. "इतर" किंवा "संकीर्ण" असं हेडिंग झालं असेल तर तिथं ज्या ओळींचं काय करायचं कळलं नाही त्या पडलेल्या आहेत, परत फोटो उघडून त्या पानावर कुणाच्या शेजारी होत्या ते बघा.

मग उलटं तपासायचं, म्हणजे फोटोवरनं आउटलाइनकडं. बहुतेक जण आउटलाइन वाचून फोटोत बघतात, त्यात असलेलं बरोबर आहे का कळतं, पण राहिलेलं कळत नाही. फोटोतली एकेक ओळ घेऊन ती आउटलाइनमध्ये शोधायची, `Ctrl+F` लावून साल टाकलं की लगेच सापडते. इथं मराठी-इंग्रजी आकड्यांची मिसळ परत आडवी येते, बोलून टाइप केलेल्या पानात सालं इंग्रजी आकड्यात येऊ शकतात आणि मग १९२० शोधलं तर 1920 सापडत नाही. म्हणून शेवटी एकाच प्रकारचे आकडे करून घ्या. `Ctrl+H` नं दहा आकडे एकेक करून बदलायचे, इथं मात्र `Replace all` चालतं, फक्त ते नंबरवाल्या यादीतले आपोआप आलेले नंबर त्यात बदलत नाहीत, त्यांचं टेन्शन घेऊ नका.

शेवटी `?` शोधा. एक पण कंस उरला असेल तर ती नोट पुढं कुणाला पाठवायची नाही. ज्याची वही आहे त्याला त्या एका शब्दाचा क्रॉप केलेला फोटो पाठवून विचारा, अख्खं पान पाठवलं तर "कुठलं गं?" असाच मेसेज येतो.

प्रिंट काढायची असेल तर पीडीएफ करून न्या. डॉक्सची किंवा वर्डची फाइल झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि त्याच्याकडं तो मराठी फॉन्ट नसला की अक्षरं आणि पानांची लांबी दोन्ही हलतात. आणि कुणाकडनं टाइप करून घेणार असाल तर आधीच सांगा की युनिकोडमध्ये पाहिजे, अजून बऱ्याच टायपिंगवाल्यांकडं जुने फॉन्ट आहेत, त्यातली फाइल मोबाइलवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि त्यात शोधता पण येत नाही. फोटो मात्र परीक्षा होईपर्यंत डिलीट करू नका, त्या `[पा. १]` ला अर्थ फोटो आहेत तोवरच आहे.